खलनायक नसलेलं घर

बीएड करत असताना मी ‘उंबरठा’ पहिल्यांदा पाहिला, तेव्हा खरं सांगायचं तर कंटाळले होते. वाईट माणूस कधी येतो याची वाट पाहत बसले आणि सिनेमा संपला. गेल्या दिवाळीच्या सुटीत अकोल्याला घरी तोच सिनेमा पुन्हा लावला. या वेळी शेजारी सासूबाई होत्या आणि कॉलेजात जाणारी माझी मुलगी होती.

‘उंबरठा’ १९८२चा. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. पेशाने डॉक्टर असलेल्या या माणसाने ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ही केले. पटकथा विजय तेंडुलकरांची, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून. हिंदीत हाच सिनेमा ‘सुबह’ नावाने निघाला. घरात उर्दू-हिंदीच जास्त चालत असेल, तर तो पाहता येतो. मी मात्र मराठीच लावला. त्यात आपल्या अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांची गझल आहे. ती सुरू झाली तशा सासूबाई सावरून बसल्या. म्हणाल्या, “ही तर आपल्या मुशायऱ्यातली चीज!”

गोष्ट थोडक्यात सांगते. सुलभा, म्हणजे स्मिता पाटील, वकिलाची बायको. घर सुशिक्षित आणि खातंपितं, सासू स्वतः समाजकार्य करणारी. सुलभाला दूरच्या गावी महिला सुधारगृहाच्या अधीक्षिकेची नोकरी मिळते. लहान मुलीला मूल नसलेल्या जावेकडे ठेवून ती जाते. सुधारगृहात गैरकारभार आहे. ती त्याविरुद्ध उभी राहते आणि शेवटी राजीनामा देऊन घरी परतते. तोवर मुलगी दुरावलेली असते आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा घर सोडते.

पहिल्यांदा माझं काय चुकलं, ते आता कळलं. नेहमीच्या सिनेमात सासू छळणारी असते, म्हणजे राग कुणावर करायचा ते ठरलेलं असतं. इथे सुलभाला कुणी मारत नाही, कोंडत नाही. जो तो आपापल्या परीने समंजस आहे. जाऊ तर मायेनेच मुलीला जवळ करते, आणि त्या मायेमुळेच आई परकी होते. दोष कुणाला द्यायचा, हे सिनेमा सांगत नाही. आधी मला जे संथ वाटलं होतं, ते हेच. म्हणून असे सिनेमे नव्याने पाहणाऱ्याने पुढे काय होणार याची घाई करू नये. घरात शेवटचा शब्द कुणाचा चालतो, कोण मध्येच गप्प होतं, निर्णय झाल्यावर तो बाईला कसा कळवला जातो, इकडे लक्ष ठेवावं. खरी घटना तिथेच घडत असते.

सुधारगृहाचंही तसंच आहे. कुलूप उघडलं की बायका सुटल्या, असं होत नाही. बाहेर त्यांना ठेवून घेणारं घरच नसतं. एक प्रामाणिक बाई आली म्हणून संस्था सुधारत नाही, उलट तीच बाहेर पडते.

सिनेमाला मर्यादाही आहे. त्या बायका आपल्याला बहुतेक वेळ सुलभाच्या नजरेतूनच दिसतात. आपल्यासारखं घर पडद्यावर पाहायचं, तर यानंतर एम. एस. सथ्यूंचा ‘गर्म हवा’ लावावा. इस्मत चुगताईंच्या कथेवरचा तो सिनेमा. फाळणीनंतर आग्र्यातच राहिलेल्या सलीम मिर्झांना, म्हणजे बलराज साहनींना, भाड्याने घर मिळणंही अवघड होतं. तिथेही एकच एक खलनायक नाही.

सिनेमा संपला तेव्हा मुलगी चिडली होती. “आपल्या मुलीला सोडून ती जातेच कशी?”

मी गप्प राहिले. ती चार वर्षांची असताना मला अमरावतीला नोकरी लागली होती. पहाटे अकोल्याहून गाडी, बडनेऱ्याला उतरून पुढे अमरावती, आणि परतायला रात्र. तेव्हा सासूबाई नाराज आहेत, असंच मी धरून चालले होते.

त्याच बोलल्या, “तू गेलीस की ही दाराशी बसून रडायची. दोन महिने रडली. तुला कळू दिलं नाही. कळलं असतं, तर तू नोकरी सोडली असतीस.”

वीस वर्षांच्या नोकरीत हे मला ठाऊक नव्हतं. मुलगी आजीकडे पाहत राहिली. मग तिने मला विचारलं, “सुलभाच्या घरात हे करणारं कुणी नव्हतं का?”

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “ती दुसरी फिल्म कोणती म्हणालीस? तीही लाव.”