बडी माँला ऐकू न गेलेला सलाम

माझा भाचा पुढच्या रविवारी मुलगी बघायला जाणार आहे. परवा रात्री त्याचा फोन आला. आवाजात भीती. "खाला, तुम्ही शाळेत उर्दू शिकवता, म्हणून विचारतो. तिथे गेल्यावर नेमकं काय म्हणू? अस्सलामु अलैकुम म्हणू, आदाब म्हणू, का नुसता हात कपाळाला लावू? आणि तिच्या आजीच्या पाया पडायचं की नाही?"

मला हसू आलं आणि लगेच ते थांबलंही. शेवटच्या प्रश्नावर मी स्वतः सपशेल आपटले होते. त्याला तीच गोष्ट सांगितली, ती इथे लिहिते.

मी सोलापूरची. घरात दखनी बोलायचो, शाळेत पुस्तकी उर्दू आणि मराठी. बीएड होऊन नोकरीला लागले होते. २००४च्या हिवाळ्यात साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या एका शेतकरी घरातून स्थळ आलं. सासू-सासरे आणि मोठी नणंद बघायला आले. अम्मीने सकाळपासून तीनदा बजावलं होतं, "डोक्यावर ओढणी, नजर खाली, सलाम स्पष्ट." मी बैठकीत गेले, उजवा हात कपाळाशी नेला आणि शाळेत शिकवते तसा एकेक अक्षर सुटं करत म्हटलं, "अस्सलामु अलैकुम."

सासरे म्हणाले, "वालेकुम सलाम." सासूबाई मात्र म्हणाल्या, "जीती रह बेटी, बैठ."

माझ्या मनात खट्टकन वाजलं. सलामाचा जबाब सलामानेच द्यायचा असतो, मिळाला त्याहून चांगला किंवा निदान तेवढाच, हे लहानपणी मदरशात शिकवलेलं. यांनी जबाबच दिला नाही. नाराज आहेत का? मी खाली बघत बसले. पुढे त्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. मी प्रत्येक उत्तरात "आप" म्हणत होते. "आप चाय लीजिए." "आपका सफर कैसा हुआ?" थोड्या वेळाने सासूबाई नणंदेकडे वळून हळूच म्हणाल्या, "बहोत आप-आप करती गे. अपने में रमेगी क्या?"

हे मला लग्नानंतर कळलं. आमच्या दखनीत मोठ्यांना "तुम" म्हणतात आणि क्रियापद आदराचं लावतात. "तुम बैठो", "तुम खाए क्या?" यात अनादर नाही. मराठीतल्या "तुम्ही"सारखंच ते. "आप" हे त्या घराला मराठीतल्या "आपण"सारखं वाटत होतं. घरात कुणी सासूला "आपण जेवलात का?" विचारलं तर ती सून व्यासपीठावरून बोलतेय असंच वाटेल ना? मी आदर दाखवत होते, त्यांना अंतर दिसत होतं. आणि त्यांचं "जीती रह" हा त्यांच्या परीने पुरा जबाब होता. त्या भागात म्हाताऱ्या बायका लहानांच्या सलामाला दुवाच देतात. मला तो जबाब म्हणून ओळखता आला नाही.

तरीही लग्न ठरलं. निकाह सोलापूरला झाला. पंढरपूर, म्हसवड करत गाडी गावात पोचली तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. सोप्यात बायकांची गर्दी, मधोमध बाजेवर एक बारीकशी म्हातारी. सासऱ्यांची आई. घरात सगळे तिला बडी माँ म्हणत. वय झाल्यामुळे तिला सोलापूरचा प्रवास जमला नव्हता. म्हणजे आमची ही पहिलीच भेट.

आता माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. हदीसमध्ये सलामाची रीत सांगितली आहे: लहानाने मोठ्याला करावा, चालत येणाऱ्याने बसलेल्याला करावा. मी लहान, मी येणारी. दोन्ही अर्थांनी सुरुवात माझीच. म्हणून उंबरा ओलांडताच घुंगटातून पण मोठ्याने म्हटलं, "अस्सलामु अलैकुम." बायकांत खसखस पिकली. नवी नवरी बोलली! त्यांच्याकडे नवरीने पहिल्या दिवशी तोंड उघडायचं नसतं, नुसता हात कपाळाशी न्यायचा असतो. ते मी निभावून नेलं. खरा पेच पुढे होता.

नणंदेने मला बाजेसमोर नेलं. बडी माँने बसल्या जागी पाय जरा पुढे केले. माझ्या आधी दोन धाकट्या जावा येऊन तिच्या पायांना हात लावून गेल्या होत्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक मुस्लिम घरांत ही रीत आहे. कुणी तिला पाया पडणं म्हणतं, कुणी कदमबोसी. माझ्या माहेरी ती नव्हती. अब्बांचं म्हणणं, रुकूसारखं कुणापुढे वाकायचं नाही. उलेमांमध्येही यावर एकमत नाही. आईवडिलांच्या, बुजुर्गांच्या बाबतीत काही जण मुभा देतात, काही अजिबात नको म्हणतात. मी अब्बांच्या घरची. मी ताठ उभी राहिले, हात कपाळाशी नेला, मान थोडी लववली आणि पुन्हा सलाम म्हटला.

बडी माँ माझ्याकडे बघत राहिली. पाय तसेच पुढे. मी वाट बघत होते जबाबाची, ती वाट बघत होती माझ्या हातांची. शेवटी तिने पाय मागे घेतले, लुगड्याखाली झाकले आणि तोंड भिंतीकडे केलं. सोपा एकदम गप्प झाला. सासूबाईंनी "थकी है बच्ची" म्हणत मला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी बडी माँ माझ्या हातचा चहा घेईना. तिसऱ्या दिवशीही नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पाया पडून टाक, काय बिघडतं?" मला राग आला. बिघडतं की नाही हे मी माझ्या अब्बांना विचारणार होते, याला नाही. पण राग होता तशी टोचणीही होती. ऐंशीच्या घरातली बाई, पाच वक्त नमाजी. ती काही माझ्याकडून सजदा मागत नव्हती.

संध्याकाळी मोठी नणंद भांडी घासताना म्हणाली, "तू सलाम बोली, पर बडी माँ सुनीच नै."

"म्हणजे?"

"कानाला गेलं पाहिजे ना! दहा वर्षं झाली, तिला ऐकू येत नाही. ती फक्त बघते."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. माझा तो व्याकरणशुद्ध सलाम तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिला दिसली ती एक शिकलेली, शहरातली नातसून, तिच्यासमोर ताठ उभी, ओठ हलवणारी. कपाळाशी गेलेला हात घुंगटात अर्धा झाकलेला. माझ्याकडून सलाम पुरा झाला होता, तिच्या बाजूने झालाच नव्हता.

चौथ्या दिवशी फजरनंतर ती बाजेवर तसबीह ओढत बसली होती. मी घुंगट मागे सारला, नुसता पदर डोक्यावर ठेवला आणि बाजेजवळ जमिनीवर बसले. बसल्यावर वाकण्याचा प्रश्नच उरत नाही. तसबीह थांबेपर्यंत थांबले. मग तिचे दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांत घेतले, डोळ्यांना लावले आणि उजवा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बडी माँ, सलाम. मैं तुमारी पोतबहू."

"तुमारी" म्हटलं. "आपकी" नाही.

ती क्षणभर काही बोलली नाही. मग माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर नेले आणि दहाही बोटं कडाकडा मोडली. शेजारच्या काकू दारात दूध घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काढली बाई दृष्ट! आता झालं." त्यांच्या घरातही आजी अशीच बोटं मोडायची. काकू मला म्हणाल्या, "सलाम, सूनबाई." मी गडबडीत हात जोडून "नमस्कार" म्हटलं. दोघी हसलो. बडी माँला काय झालं ते कळलं नाही, पण तीही हसली आणि म्हणाली, "चाय ला गे."

पायांना हात मी नंतरही कधी लावला नाही. तिने पुन्हा पाय पुढे केले नाहीत. रोज सकाळी ती हात पुढे करायची. पुढे सहा वर्षं आमचा सलाम तसाच चालला.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं आणि मग त्याच्या प्रश्नांकडे आले. "दारातून आत जाताना अस्सलामु अलैकुम म्हण, तू येणारा आहेस. पुरुषांशी दोन्ही हातांनी मुसाफा कर. बायकांपुढे हात करू नकोस. सलाम म्हण, मान थोडी खाली घे, कुणाला डोक्यावर हात ठेवायचा असेल तर ठेवू दे. कुणी 'जीते रहो' म्हणालं तर तो जबाबच समज. घरात तुम चालतंय की आप, ते दोन मिनिटं ऐक आणि मग बोल."

"आणि आजी? पाया पडायचं?"

"ते तुझं तू ठरव. पण आधी तिच्याजवळ जाऊन बस. आणि बघ, तिला ऐकू येतं का."