गुड्डापूरला नवा पुजारी येतो तेव्हा

जतच्या माळावर पाऊस कमी आणि आभाळ मोठं. त्या माळावरच्या गुड्डापूरला दानम्मादेवीच्या देवळात नवा पुजारी रुजू होतो, तेव्हा त्याच्या हाती द्यायच्या स्वागतपत्रात पूजेच्या वेळा, विश्वस्तांची ओळख, सणवार हे सगळं हवंच. पण माझ्या मते पहिली ओळ दानाची असावी. परंपरा सांगते की बाराव्या शतकात, बसवण्णांच्या काळात, इथून जवळच्या उमराणीत जन्मलेली लिंगम्मा दानधर्मामुळे दानम्मा झाली. ज्या देवीचं नावच देण्यावरून पडलं, तिच्या पुजाऱ्याची जागा देणाऱ्यांच्या रांगेत आहे. लिंगायत परंपरेतला दासोह, म्हणजे आलेल्याला जेवू घालणं, इथे पूजेइतकाच धर्म आहे. पंगतीत हुग्गी वाढली जात असताना गाभाऱ्यातून उठून एकदा तिकडे जाऊन येणं, हा रोजच्या क्रमाचाच भाग समजावा.

कुणी म्हणेल, जंगम घराण्यातल्या माणसाला हे शिकवायचं काय? विभूती, रुद्राक्ष, इष्टलिंग त्याला घरातूनच मिळालेलं असतं. खरं आहे. पण कार्तिक अमावास्येला विजयपूर-बागलकोटकडून पायी आलेली म्हातारी फक्त कन्नड बोलते, आणि सांगली-सोलापूरकडचं कुटुंब फक्त मराठी. भेगाळलेल्या टाचांनी ती उंबऱ्याशी टेकते, तेव्हा ‘अव्वा’ म्हणून हाक मारता येणं हे घराण्यातून आपोआप येतंच असं नाही. दोन्ही भाषांतली शंभरेक वाक्यं नव्या माणसाने पहिल्या महिन्यातच पाठ करावीत. गर्दीचा दिवस अमावास्येचा, म्हणून पाणी आणि सरपण आधी किती साठवायचं हेही त्याला कोठीघरातल्या माणसांकडून ऐकून घ्यावं लागेल. दुष्काळी तालुक्यात हा प्रश्न मंत्रांपेक्षा कमी नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: देण्याच्या बाजूला उभ्या राहिलेल्या पुजाऱ्याने खायचं काय? याचं उत्तर भक्तीच्या भाषेत देऊ नये. मानधन किती, ते कोणत्या तारखेला मिळणार, आरतीच्या ताटातली नाणी कुणाची, ओटीतली साडी-खण कुठल्या वहीत चढायचे, हे पत्रात स्पष्ट लिहावं. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या देवस्थानाला 1950 च्या कायद्याखाली हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात, त्यामुळे दानपेटी विश्वस्तांसमोर उघडून, मोजून, सह्या करून रक्कम बँकेत भरणं हीच सुरक्षित रीत. गोंधळ सुरू होतो तो पेटीपाशी नव्हे, हातात. भक्त भावनेने पाचशेची नोट पुजाऱ्याच्या मुठीत ठेवतो आणि ती देवीची की त्याची, हे दोघांनाही ठरवता येत नाही. म्हणून त्याने नोट तशीच उचलून पावतीच्या खिडकीकडे बोट दाखवावं, आणि स्वतःला दक्षिणा मिळाली तर ती कशाबद्दल हे देणाऱ्याच्या तोंडून वदवून घ्यावं. अध्यक्ष आणि सचिवांची ओळख करून देताना नावाशेजारी एवढं जोडावं: पैशाबद्दल शंका आली तर त्याच दिवशी यांच्याकडे जायचं, अमावास्येची वाट बघायची नाही.