सेवा में, प्राचार्या महोदया

बुरहानपूरच्या मराठी घरातली मुलं भांडतात मराठीत, पण अर्ज करतात हिंदीत. तो अर्ज त्यांना पाचवी-सहावीपासून तोंडपाठ असतो. ‘सेवा में’, त्याखाली ‘प्राचार्य महोदय’, मग ‘सविनय निवेदन है कि’, आणि त्यापुढे कुणाला ज्वर आलेला असतो, कुणाच्या बहिणीचं लग्न असतं. व्याकरणाच्या पुस्तकांतून कित्येक पिढ्या हा एकच ताप उतरवून घेत आल्या आहेत. नकल केल्याची कबुली द्यायची आणि पुन्हा परीक्षा मागायची, असा नमुना मात्र त्या पुस्तकांत मी तरी पाहिलेला नाही. त्यामुळे शेजारची नववीतली मुलगी तसा अर्ज घेऊन आली, तेव्हा तिच्यापाशी उतरवून घ्यायला काही नव्हतं.

चाचणी गणिताची, 20 गुणांची. चौथ्या प्रश्नात एक शंकू होता. त्रिज्या 7 सेंटीमीटर, उंची 24. आधी वक्र पृष्ठफळ काढायचं, मग घनफळ. पृष्ठफळाला तिरकस उंची लागते, ती येते 25. घनफळाला सरळ उंचीच घ्यायची असते. मुलीला यातलं काहीच आठवेना. बाकावर शेजारी बसलेल्या मैत्रिणीची उत्तरपत्रिका उघडी होती, हिने पाहून लिहिलं. पण मैत्रिणीने दोन्हीकडे 25च घातले होते. म्हणजे पृष्ठफळ 550 बरोबर आलं आणि घनफळ 1232 यायचं ते 1283.33 झालं. तो दशांश अपूर्णांक दोघींच्या कागदांवर जुळ्या बहिणींसारखा बसला होता.

बरोबर उत्तर दोघांचं सारखं असलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बरोबर उत्तर असतंच एक. चुकण्याच्या वाटा अनेक, म्हणून शेजारच्या दोघी एकाच वाटेने चुकल्या की तपासणारा थबकतो. (थबकूनही लगेच बोट दाखवू नये. तिरकस उंची घनफळात घालणं ही अर्ध्या वर्गाची चूक असू शकते.) इथे सर थबकले नाहीत. गठ्ठ्यात दोघींच्या उत्तरपत्रिका लांब पडल्या असतील. मुलीला 15 गुण मिळाले, आईची सही झाली, विषय संपला. तो उकरला तिने स्वतःच.

तिचा पहिला मसुदा मला आवडला नाही. त्यात ‘मुझसे भूलवश गलती हो गई’ होतं, घरच्या अडचणी होत्या, रात्री वीज गेल्याचं होतं आणि शेवटी ‘मुझे पूरे शून्य अंक दे दिए जाएँ’ असा हंबरडा होता. गलती कुठली, हे मात्र कुठेच नव्हतं. अशी कबुली कुठल्याही गुन्ह्याला चालते. मी म्हटलं, “तारीख लिही, विषय लिही, प्रश्नाचा नंबर लिही.”

आमच्या गावच्या जामा मशिदीत फारुकी राजाने कोरवलेला एक संस्कृत लेख आहे. बांधकामाचा काळ त्यात विक्रम संवत आणि शक अशा दोन्ही गणनांत दिला आहे, इंग्रजी सनाप्रमाणे 1590च्या सुमाराचा. दगडावर अक्षर कोरायला किती कष्ट! तरी त्यांनी काळाच्या बाबतीत मोघमपणा केला नाही. कागदावर लिहिणाऱ्याने का करावा?

दुसऱ्या मसुद्यात तिने लिहिलं, की चौथ्या प्रश्नाचे दोन्ही भाग मी पाहून लिहिले. त्याचे मला 2 आणि 1 असे 3 गुण मिळाले. ते माझे नाहीत. उरलेले 12 माझे आहेत. हे शेवटचं वाक्य लिहायला ती लाजत होती. मला तेच सगळ्यांत खरं वाटलं. केलेल्यापेक्षा जास्त कबूल करणं हीसुद्धा एक लबाडीच, दया येईल या हिशोबाने केलेली.

मग मैत्रिणीचा प्रश्न आला. “काका, तिचं नाव घालू?” बसण्याची जागा सगळ्यांना ठाऊक, नाव न घालताही ते दिसणारच होतं. तिने कागद मुद्दाम सरकवला होता का? मुलीला ते सांगता येईना. जे आपण पाहिलं नाही ते कबुलीत कसं येईल? तेव्हा एवढंच लिहिलं, की मी तिला काही विचारलं नाही.

गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला आणि तोंडाने सांगवेना म्हणून वडिलांना चिठ्ठी लिहून दिली. त्या चिठ्ठीत गुन्ह्याबरोबर शिक्षेची मागणी होती. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून आसवं ओघळली आणि त्यांनी ती फाडून टाकली. शाळेला अशी चिठ्ठी फाडता येत नाही. अर्जावर आवक क्रमांक पडतो, तो फाइलला लागतो. मुलीच्या आईला धास्ती होती ती याचीच. टीसीवर आचरणाचा रकाना असतो ना! ती म्हणाली, “मॅडमना तोंडीच सांगून ये की.” पण तोंडी सांगितलेलं रडण्यात वाहून जातं, आणि कुठल्या तीन गुणांबद्दल बोलणं चाललंय ते मागेच राहतं.

खरी अडचण फेरपरीक्षेच्या मागणीची होती. चूक कबूल करायची आणि त्याच कागदावर काही मागायचं, म्हणजे कबुलीची किंमत वसूल केल्यासारखं दिसतं. शिवाय ज्याने न पाहता 9 गुण आणले त्याला कुणी दुसरी संधी दिलेली नाही, तो विचारणारच. सीबीएसईच्या नववीत 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, त्यांतले नियतकालिक चाचण्यांच्या वाट्याला 5, आणि तीन चाचण्या झाल्या तर चांगल्या दोन धरतात. म्हणजे ही एक चाचणी शून्यावर गेली तरी वर्षाच्या निकालात फारसं काही हलत नव्हतं. मी ते तिला सांगितलं. वाटलं, मागणी खोडेल.

तिने खोडली नाही, बदलली. रजिस्टरमध्ये माझे गुण जे ठेवायचे ते ठेवा, असं आधी लिहिलं. मग लिहिलं, की मला शंकू अजून येत नाही; शाळा सुटल्यावर वेगळा पेपर द्या, गुण धरू नका. गुण हातातून सोडल्यावर मागणीत सौदा उरला नाही. आता सरांना नवा पेपर काढायचा त्रास तेवढा घ्यावा लागणार होता, म्हणून त्याबद्दलही तिने एका ओळीत क्षमा मागितली. ‘आपकी आज्ञाकारिणी शिष्या’ मात्र तिने हट्टाने ठेवलं. त्यावाचून अर्ज अर्जासारखा दिसत नाही म्हणे.

प्राचार्या मॅडमनी तिला खोलीत बोलावून एकच प्रश्न विचारला: अर्ज कुणी लिहून दिला? तिने सांगितलं, काकांनी दुरुस्त्या सुचवल्या, लिहिला मी. चाचणीचे गुण शून्य झाले, मैत्रिणीला काही विचारलं गेलं नाही, आणि शनिवारी सुटीनंतर गणिताच्या सरांनी नवा पेपर दिला. शंकूची त्रिज्या 5, उंची 12. तिरकस उंची 13 येते. या वेळी तिने घनफळात 12च घातले, उत्तर 314.29 आलं. ‘घन सेंटीमीटर’ लिहायचं राहिलं, तर सरांनी त्या न धरायच्या गुणांतूनही अर्धा गुण कापला.