पोराच्या हातची पुडी

लहानपणी माझ्याकडे घरातले एक काम कायमचे होते. बाबा मजुरीवरून आले की हातावर रुपया ठेवायचे आणि म्हणायचे, "जा, पुडी घेऊन ये." पुडी आणायची, चुना लावून मळून द्यायची. मळता मळता एक चिमूट माझ्याही ओठाखाली गेली. तेव्हा मी ७ वीत होतो. पुढे बी.कॉम. झालो, कारकुनी लागली, पण खिशातली डबी ३८ व्या वर्षापर्यंत सुटली नाही. बाबांच्या गालात पांढरा चट्टा आला होता. तो पुसून जात नव्हता, तिखट लागले की झोंबायचा. आम्ही तो अंगावर काढला. दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता.

माझ्या थोरल्या वहिनी गावात आशा कार्यकर्त्या आहेत. तंबाखूमुक्त गावाचे काम त्यांनी हाती घेतले तेव्हा मीही सुट्टीच्या दिवशी जाऊ लागलो. सुरुवात आम्ही शपथेने केली. ३१ मे रोजी सारी वस्ती जमवली, सर्वांनी हात वर केले, फोटो निघाला. महिन्याने वहिनींनी घरोघर विचारले, तर तंबाखू सोडलेले मोजून चार जण निघाले. "सोडतो" म्हणणे सोपे, पण कोणी पाळले आणि कोणी मोडले हे बघणार कोण?

मग दुकानांकडे वळलो. २००३ च्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत कोणालाच विकता येत नाही. वहिनी एकट्याच सांगायला गेल्या. दुकानदार नात्यातलेच. ते भडकले आणि वहिनींच्या घरची उधारी बंद झाली. आशाताईला दंड करण्याचा अधिकार नसतो, आणि तिला राहायचे त्याच गावात असते. म्हणून पुढच्या वेळी मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना सोबत घेतले.

दुकानदार म्हणाले, "फाटकापासून चालत मोजा, शंभराच्या वर भरेल." पण अंतर वाटेने मोजायचे नसते. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत मोजायचे असते. टेप लावली तेव्हा दुकान आत आले. पुड्या फळीवरून उतरल्या. तरी शाळेच्या भिंतीलगत रिकाम्या पुड्या सापडतच राहिल्या. तेव्हा कळले की माल बिस्किटांच्या डब्यामागे गेला आहे. पुन्हा न सांगता गेलो, तेव्हा कुठे विक्री थांबली.

दुसरे दुकान लांब होते. तिथे मोठ्यांना विकायला हरकत नव्हती, पण मुले येतच होती. ते काका वहिनींना म्हणाले, "ताई, पोरं स्वतःसाठी कुठं नेतात? बापच धाडतो. परत पाठवलं तर बाप भांडायला येतो."

मी मान खाली घातली. पूर्वी मीही माझ्या मुलाला असाच पाठवीत होतो.

त्या दिवशी शपथ बदलली. "तंबाखू सोडीन" ऐवजी "माझ्या मुलाच्या हातून तंबाखू किंवा मिश्री मागवणार नाही" एवढेच. ती सभेत घेतली नाही, घरोघर जाऊन आईवडील दोघांच्या सह्या घेतल्या. सह्यांची यादी काकांच्या दुकानात लावली. आता पोराला परत पाठवताना त्यांना भांडण ओढवून घ्यावे लागत नाही, ते यादीकडे बोट दाखवतात. तपासणीही सोपी झाली. पंधरवड्यातून एकदा, न सांगता, लोक कामावरून परततात त्या वेळी अर्धा तास दुकानासमोर बसायचे आणि किती मुले पुडी मागतात ते मोजायचे. पहिल्यांदा आठ होती, चौथ्या खेपेला एक.

मोठ्यांची सवय एवढ्याने सुटत नाही. काही घरांनी सही दिलीच नाही. ज्याला खरेच सोडायचे त्याच्याकडून वहिनी तारीख ठरवून घेतात आणि तिसऱ्या दिवशी जातातच, कारण पहिले तीन-चार दिवस डोके दुखते, चिडचिड होते, झोप येत नाही. तेव्हा कोणी विचारणारे नसले की माणूस पुन्हा डबीकडे वळतो. तलफ काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, पण सुपारी नको. सुपारीने तोंड उघडेनासे होते आणि कर्करोगाचा धोकाही असतो. मीही असाच सुटलो.

वहिनी स्वतः मिश्री लावीत होत्या. बायका तोंडावर म्हणाल्या, "आधी तुझे दात दाखव." त्यांनी दिवसातल्या चार वेळांच्या दोन केल्या, मग एक, आणि मग बंद. त्यानंतर बायका ऐकू लागल्या.

परवा मुलाला दुकानात साखरेला पाठवले. निघताना त्याने विचारले, "बाबा, अजून काही?" मी म्हणालो, "नाही रे, एवढंच."