सोडलेला जुना हप्ता

आमच्या घरात एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात बाप्तिस्म्याचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या आणि आमच्या आयुर्विम्याचे विमापत्र अशी कागदांची पुरचुंडी असते. यांपैकी विमापत्राकडे आम्ही दहा वर्षे ढुंकूनही पाहिले नव्हते. वर्षातून एकदा, एप्रिल महिन्यात, म्हापशास जाऊन हप्ता भरायचा व पावती पेटीत टाकायची, एवढाच आमचा व त्याचा संबंध. तो संबंध आम्ही एकदा स्वहस्ते तोडला. नंतर तो पुन्हा जोडावयास निघालो, तेव्हा जो हिशेब आम्हांस मांडावा लागला, तो या पानावर मांडीत आहोत. वाचकांपैकी अनेकांच्या पेट्यांत असेच कागद असतील.

विमा आम्ही एप्रिल 2011 मध्ये उतरविला. त्या वेळी आमचे वय 35 वर्षांचे होते. रक्कम वीस लाख रुपये, मुदत पंचवीस वर्षे, म्हणजे वयाच्या साठीपर्यंत. वार्षिक हप्ता 7,000 रुपये, कर वेगळा. हा निव्वळ जोखमीचा विमा होता. मुदतीत आम्ही देवाघरी गेलो तर वीस लाख कुटुंबास मिळावयाचे, आणि साठी धडधाकट ओलांडली तर एक पैही परत मिळावयाची नाही.

आमचा धंदा शिवणकामाचा. लग्नाचे कोट आणि पहिल्या कम्युनियनचे पांढरे पोशाख यांवर आमच्या दुकानाचे वर्ष निघते. 2020 साली दोन्ही गेले. 2021 च्या एप्रिलात हप्त्याची वेळ आली तेव्हा हाती पैसे नव्हते. मे महिन्यात राज्यात संचारबंदी लागली आणि हप्त्यासाठी मिळणारी महिनाभराची सवलतीची मुदतही निघून गेली. त्याच सुमारास एका जाणत्या समजल्या जाणाऱ्या गृहस्थांनी आम्हांस सल्ला दिला, “मरो तो हप्ता! दहा वर्षे भरलात, काय मिळाले? आता सोडा. दिवस पालटले की पुन्हा नवा विमा घ्या. विम्याची दुकाने काय बंद होणार आहेत?” आम्हांस ते पटले. सात हजार वाचले म्हणून आम्हांस बरेच वाटले, हे कबूल करतो.

विम्याची दुकाने बंद झाली नाहीत, हे खरे. परंतु जुना भाव नव्या गिऱ्हाइकास मिळत नाही, हे त्या गृहस्थांनी सांगितले नाही व आम्ही विचारले नाही.

हे असे का, ते आम्हांस फार उशिरा उमगले. मनुष्याच्या मृत्यूचा संभव वयाबरोबर वाढत जातो. पंचेचाळिसाव्या वर्षी तो पस्तिशीच्या दुपटीहून अधिक असतो, आणि साठीकडे तर फारच झपाट्याने चढतो. खरे पाहता विम्याचा हप्ताही दर वर्षी चढत जावयास हवा. पण तसे केले तर पन्नाशीनंतर कोणासच तो झेपणार नाही. म्हणून विमेवाले पंचवीस वर्षांचा एकूण भार सरासरीने वाटून सर्व वर्षांस एकच हप्ता ठरवितात. याचा अर्थ असा, की आरंभीच्या वर्षांत आपण जोखमीच्या मानाने जास्त भरतो, व शेवटच्या वर्षांत कमी. आरंभीचे ते जास्तीचे पैसे विमेवाल्यांकडे पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवलेले असतात. जुना भाव म्हणजे विमेवाल्यांनी केलेली मेहेरबानी नव्हे. आपणच त्याची आगाऊ किंमत मोजलेली असते.

आम्ही दहा वर्षे ही आगाऊ किंमत मोजली आणि तिचा लाभ सुरू होण्याच्या ऐन सुमारास बाहेर पडलो. जोखमीच्या विम्यात बाहेर पडणाऱ्यास बहुधा काहीच परत मिळत नाही. राखीव ठेवलेला तो भाग मागेच राहतो. (ज्या विम्यात मुदतीअखेर पैसे परत मिळतात, त्याची गोष्ट निराळी. तेथे ठरावीक वर्षे हप्ते भरले असतील तर विमा कमी रकमेचा होऊन जिवंत राहतो. तेव्हा बंद करण्यापूर्वी आपले विमापत्र कोणत्या जातीचे, हे पाहावे.)

2024 च्या फेब्रुवारीत डिचोलीहून आमचे मेव्हणे आले. त्यांनीही आमच्यासारखाच विमा सोडला होता, आमच्याही आधी. मध्यंतरी त्यांस हृदयाचा विकार जडला. बरे झाल्यावर ते नवा विमा मागावयास गेले, तेव्हा त्यांस कोणत्याही भावात विमा मिळाला नाही. अर्ज सरळ नाकारण्यात आला. भावाचा प्रश्न दुकानात माल मिळत असेल तोवरच असतो. मेव्हणे जेवून गेले. त्या रात्री आमच्या पत्नीने पेटी उघडून विमापत्र आमच्यासमोर ठेवले. “मुले पंधरा आणि बारा वर्षांची आहेत,” एवढेच ती बोलली.

दुसऱ्या शुक्रवारी, बाजाराच्या दिवशीच, आम्ही म्हापशास विम्याच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागील बाईंनी विमापत्राचा क्रमांक पाहून सांगितले, की विमा बंद पडला आहे, मेलेला नाही. पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो पुन्हा जिवंत करता येतो. आमच्या बाबतीत ती मुदत एप्रिल 2026 पर्यंत होती. प्रत्येकाच्या विमापत्रात ही मुदत लिहिलेली असते आणि ती सर्वत्र पाच वर्षांचीच असेल असे धरून चालू नये. मध्यंतरीच्या काही वर्षांच्या विमापत्रांत ती दोनच वर्षांची आहे.

पुनरुज्जीवनासाठी तीन गोष्टी लागणार होत्या : थकलेले तीन हप्ते, त्यांवरील व्याज, आणि प्रकृती ठीक असल्याचा वैद्यकीय दाखला. व्याज सहामाही चक्रवाढीने, वर्षास नऊ टक्के. तीन हप्त्यांचे 21,000 आणि व्याजाचे सुमारे 4,100, मिळून 25,100 रुपये. हा आकडा ऐकून आमचा चेहरा पडला. कारण या पैशांतून आम्हांस गेल्या तीन वर्षांचे संरक्षण मिळणार नव्हते. ती तीन वर्षे तर उघड्यावरच गेली होती. उपभोगिलेल्या वस्तूची किंमत देणे निराळे, आणि न उपभोगिलेल्या वस्तूची व्याजासह देणे निराळे. आम्ही रागाने उठलो आणि नव्या विम्याचा भाव विचारून आलो.

आमचे वय तेव्हा 48 वर्षांचे. वीस लाखांसाठी, बारा वर्षांच्या मुदतीने, नवा हप्ता वर्षास 14,400 रुपये.

आता वाचकांनी आमच्याबरोबर थोडे मांडून पाहावे. पुनरुज्जीवन केले तर आज 25,100 द्यावयाचे आणि पुढे बारा वर्षे 7,000. नवा विमा घेतला तर आज जादा काही नाही, पण बारा वर्षे 14,400. वर्षाचा फरक 7,400 रुपये. पंचवीस हजार एकशेला 7,400 ने भागले तर साडेतीनच्या आत उत्तर येते. म्हणजे आम्हांस साडेतीन वर्षांहून जास्त काळ विम्याची गरज असेल, तर मागील हप्ते भरून जुन्या भावात शिरणेच स्वस्त. गरज दोनतीन वर्षांचीच असती, तर नवा विमा स्वस्त पडला असता. बारा वर्षांचा एकूण फरक 88,800 रुपयांचा होता. त्यातून 25,100 वजा केले तरी 63,700 रुपये वाचत होते. पैशाचे मूल्य काळाबरोबर घटते, म्हणून खरी बचत याहून काहीशी कमी. पण निकाल त्याने बदलत नाही.

म्हणून आम्हांस वाटते की अशा वेळी मागची थकबाकी हा दंड समजून रागावू नये. ते जुन्या भावाचे प्रवेशशुल्क समजावे, आणि ते किती वर्षांत वसूल होते एवढेच पाहावे.

आणि सोडलेच नसते तर? तीन वर्षांत 21,000 भरावे लागले असते, व तीन वर्षे घर सुरक्षित राहिले असते. आम्ही ते वाचविले आणि नंतर व्याजासह भरले. आमची बचत म्हणजे 4,100 रुपयांचा तोटा आणि तीन वर्षे देवाच्या भरवशावर. हप्ता एकरकमी झेपत नव्हता, तर सहामाही करून मागता आला असता. ते आम्हांस सुचलेच नाही.

तथापि जुने ते सोडूच नये, असा आमचा आग्रह नाही. कर्ज फिटले, मुले कमावती झाली, तर विमा सोडण्यात काहीच वावगे नाही. शिवाय कधी कधी नवा भावच उतरतो. संगणकावरून थेट विमा विकला जाऊ लागल्यावर 2010 नंतरच्या काही वर्षांत जोखमीच्या विम्याचे दर बरेच उतरले, आणि त्याआधीच्या महाग विम्याच्या धन्यांस, वय वाढूनही, नवा विमा स्वस्त पडला. पण तेव्हाही क्रम एकच. नवे विमापत्र हाती येऊ द्यावे, आणि मगच जुन्याचा हप्ता थांबवावा.

आमची रक्त व लघवी तपासून झाली. साखर काठावर, पण काठाच्या आत निघाली. अर्जात आम्ही 2022 च्या तापासकट सारे खरे लिहिले. पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत विमेवाल्यांस पूर्वीची माहिती उकरून विमा नाकारता येतो, असे बाईंनी बजावले होते. जुना विमा म्हणून ती तीन वर्षे केव्हाच उलटली, असे आम्ही समजत होतो. पण पुनरुज्जीवनाने ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू होते. मार्च 2024 मध्ये पैसे भरले, म्हणजे आमचे घड्याळ मार्च 2027 ला थांबेल.

पुढील हप्ता लगेच एप्रिलात होता. तोही त्याच खिडकीत भरून आम्ही बाहेर पडलो. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरील वस्तू व सेवा कर उठला, त्यामुळे आता 7,000 म्हणजे नेमके 7,000. पावती पत्नीच्या हाती दिली, की ती पेटीत ठेवते, आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस खडूने उरलेल्या हप्त्यांचा आकडा पुसून नवा लिहिते.