आईच्या ताटातली खरवड

सांगलीच्या घरी पुलावाचं पातेलं ठरलेल्या क्रमाने रिकामं व्हायचं. आधी बाबा, मग आम्ही भावंडं, शेवटी आई. आमच्या ताटांत मटार-काजू पाहून पाहून पडायचे आणि तिच्या वाट्याला तळाची खरवड यायची. तांदूळ वाटीने मोजायचे, पाणी बोटाच्या पेराने. कुणाच्या पोटात प्रथिनं किती गेली, हा विषय त्या घरात कधी निघालाच नाही.

आता आई ऑकलंडला माझ्याकडे असते. डॉक्टरांनी तिला प्रथिनं वाढवायला सांगितली आणि आमच्या ओट्यावर वजनकाटा आला. इथल्या पाकिटांवर शंभर ग्रॅममागे प्रथिनं किती ते छापलेलं असतं, त्यामुळे बेरीज सोपी. सँडरिंगहॅमच्या दुकानातून आणलेला बासमती ३०० ग्रॅम, त्यात २४ ग्रॅम प्रथिनं. फ्रोझन मटार २०० ग्रॅम, त्यांचे १०. मूठभर काजूंचे ५, गाजर-फरसबीचे मिळून ३. तुपाचं शून्य. सगळे ४२ ग्रॅम.

पहिल्या दिवशी मी ४२ ला चारने भागलं आणि आईच्या नावावर साडेदहा लिहून निश्चिंत झाले. पण ती चौथा हिस्सा खातच नव्हती.

मग रिकामं पातेलं आधीच वजन करून ठेवू लागले. शिजल्यावर भरलेल्या पातेल्यातून ते वजा केलं, तर पुलाव भरला १२०० ग्रॅम. म्हणजे शिजलेल्या शंभर ग्रॅमला साडेतीन ग्रॅम प्रथिनं. इथे पाकिटावरचा आकडा लावायचा नाही, तो कोरड्या तांदळाचा. शिजताना पाणी शिरून वजन वाढतं, प्रथिनं तेवढीच राहतात. आता प्रत्येक ताट काट्यावर ठेवून वाढलं. मुलाने घेतला ४५० ग्रॅम, म्हणजे पावणेसोळा ग्रॅम प्रथिनं. नवऱ्याचा ३५०, त्याचे सव्वाबारा. माझा २५०, पावणेनऊ. आई १५० वर "पुरे गं" म्हणाली. तिचे सव्वापाच. चारही ताटांची बेरीज ४२ आली, तेव्हा हिशेब जुळल्याची खात्री पटली. बेरीज कमी भरली असती तर उरलेलं पातेल्याला चिकटलंय हे समजायचं.

मी तिच्या नावावर दुप्पट लिहीत होते. आता तिच्या ताटाशेजारी दह्याची मोठी वाटी असते.

तरी काटा एक गोष्ट सांगत नाही. साडेतीनचा आकडा सगळं सारखं मिसळलेलं धरून काढलेला आहे. दीडशे ग्रॅम खरवड आणि मटार-काजू भरलेला दीडशे ग्रॅम पुलाव काट्याला एकच. सांगलीला आईच्या ताटात वजनही कमी पडायचं आणि त्यात नुसता भातच असायचा. म्हणून हल्ली वाढण्याआधी मी डाव तळापर्यंत घालून सगळं हलक्या हाताने वरखाली करते, आणि पहिलं ताट आईचं वाढते.