खजुराच्या लाडवाचा हिशेब

चि. मंदार यास


मधुमेही दादासाठी दांडिया बाजारातून ‘शुगर-फ्री नाचणी लाडू’ मागवायचं तू ठरवलंयस. त्याआधी तो लाडू घडला कसा, ते वाच. गायकवाडांच्या काळापासून इथे बडोद्यात मराठी बिऱ्हाडं, त्यामुळे घरून लाडू-चकलीच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकाही आहेत. त्यांच्या मधुमेही गिऱ्हाइकांना लाडू सुटत नाही, आणि 2023च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षापासून नाचणीचा भाव वधारला. पण पिठीसाखर काढली की खरी अडचण गोडीची नसते. साखर लाडवाला भर आणि बांधणी देते. स्टीव्हियाचे थेंब गोडी देतील, वाटीभर साखरेची जागा कशी भरणार? लाडू भुरभुरतो. म्हणून खजूर आला.

आता हिशेब कर. पाव किलो नाचणीचं पीठ, पाव किलो खजूर, 100 ग्रॅम तूप, असे 25 ग्रॅमचे 24 लाडू होतात. खजुराचा सुमारे दोन तृतीयांश भाग साखरच, म्हणजे लाडवामागे 7 ग्रॅम. पिठातली कर्बोदकं आणखी तेवढीच. एक लाडू म्हणजे साधारण एक फुलका, वर तूप. ‘शुगर-फ्री’ म्हणायला 100 ग्रॅम पदार्थात जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम साखर चालते, असा आपल्याकडचा नियम आहे. या लाडवात ती अठ्ठावीसेक ग्रॅम भरते. करणारी फसवते असं नाही, तिच्या लेखी साखर म्हणजे डब्यातली पांढरी.

खजुराची साखर जरा हळू चढते, असं तू म्हणशील. खरंय, पण दुसरा लाडू खाल्ला की तो फायदा संपला. भरडधान्यांच्या बाजूने पुरावाही आहे: हैदराबादच्या इक्रिसॅटने 2021मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पांढरा तांदूळ आणि मैद्यापेक्षा ही धान्यं रक्तातली साखर कमी चढवतात असं दिसलं. मात्र हा फायदा भाताच्या जागी ती खाल्ली तर. चार वाजताचा लाडू कशाच्याच जागी नसतो, तो वरकड असतो. शिवाय धान्याचं रूप बदललं की गुण बदलतो. मोड आणून, गाळून केलेलं नाचणीसत्त्व आपण बाळाला देतो ते लवकर पचतं म्हणून. दादाला नेमकं तेच नको.

मग गोड बंदच का? तसं नाही. लाडू खाल्ला त्या जेवणात एक फुलका कमी करावा आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बघावा. प्रत्येकाचा वेगळा येतो. त्याच बायकांकडून थालीपिठाची भाजणी घेतलीस तर जास्त बरं, कारण तिच्यात डाळी असतात आणि थालीपीठ पोळीच्या जागी बसतं. लाडूच हवे असतील तर 15 ग्रॅमचे वळायला सांग आणि सत्त्व नको, साधं पीठ घ्या म्हणावं. ऑर्डर देतानाच सांगितलं तर त्या ऐकतात.

तुझी
आत्या